खान्देशच्या आरोग्य आणि पशुसंवर्धन अधिकाऱ्यांना खुले पत्र: आधी डुकरांचे रक्त तपासा

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जळगाव, धुळे व नंदुरबार
मा. जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी, जळगाव, धुळे व नंदुरबार
प्रत: तिन्ही जिल्ह्यांतील नगरपालिकांचे मुख्याधिकारी

स. न. वि. वि.

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आम्हा बालरोगतज्ज्ञांकडे ताप, झटके आणि गुंगी घेऊन येणारी मुले वाढतात. त्यांतली काही दगावतात, काही बरी होतात, काही जगतात पण पूर्वीसारखी होत नाहीत. यांतल्या बऱ्याच मुलांच्या डिस्चार्ज कार्डावर निदान म्हणून 'मेंदूज्वर' एवढेच असते. पुढे 'विषाणूजन्य' आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह काढणे तुमच्या दोन्ही खात्यांना शक्य आहे, म्हणून हे पत्र.

माझा रोख जपानी मेंदूज्वराकडे आहे. आपल्या खात्याच्या बोलीत 'जेई'. तो खान्देशात घरोघर पसरला आहे, असा माझा दावा नाही. तो आहे की नाही हे ठरवता येईल इतकी तपासणीच आपण करत नाही, एवढेच मी म्हणतो. आणि जिथे तपासणी नाही तिथे लस पोहोचत नाही, कारण ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात सरसकट सगळीकडे नसून रोगाचा प्रादुर्भाव आढळलेल्या जिल्ह्यांतच दिली जाते. बाळाच्या लसीकरण कार्डावर 'जेई' असा रकाना छापलेला असतो. माझ्याकडे येणाऱ्या कार्डांवर तो बहुधा कोराच असतो.

आता या विषाणूचा फेरा कसा चालतो ते थोडे सविस्तर लिहितो, कारण पुढच्या सगळ्या मागण्या त्यावरच उभ्या आहेत.

विषाणूचे खरे घर म्हणजे पाणथळीतले पक्षी: गायबगळे, लहान बगळे, ढोकरी, रातबगळे. हे पक्षी त्याने आजारी पडत नाहीत. तापीकाठ, हतनूरचा जलाशय, गिरणेचे पाट, नवापूरकडची भातखाचरे, शहाद्याकडच्या उसाच्या चाऱ्या, सगळीकडे ते असतात आणि ते तिथे असावेतही. पक्ष्यांना चावतो तो क्युलेक्स जातीचा डास, मुख्यतः 'क्युलेक्स ट्रायटीनिओरिंकस' आणि त्याचे भाऊबंद. नाव मोठे आहे, पण सवयी साध्या आहेत. गवत वाढलेल्या साचलेल्या पाण्यात, भाताच्या बांधीत, पाटाच्या पाझरात तो वाढतो. दिवे लागणीनंतर बाहेर पडतो आणि रात्रभर चावतो, तोही जास्त करून घराबाहेर. माणसापेक्षा त्याला जनावर आवडते.

जनावरांत गाय-बैल आणि डुक्कर यांच्यात मोठा फरक आहे. गोठ्यातल्या गुरांना हा डास भरपूर चावतो, पण त्यांच्या रक्तात विषाणू इतका वाढत नाही की दुसऱ्या डासाला तो मिळावा. डुकराच्या रक्तात मात्र चावा बसल्यावर साधारण दिवसाभरात विषाणू प्रचंड वाढतो आणि दोन ते चार दिवस तसाच राहतो. त्या काळात जितके डास त्याला चावतील तितके विषाणू घेऊन उडतात. डुक्कर वरून धडधाकट दिसते. गाभण मादी असेल तर मेलेली पिल्ले होतात किंवा गाभ पडतो, एवढीच काय ती खूण. एकदा होऊन गेल्यावर डुकराला प्रतिकारशक्ती येते, म्हणजे तो धोका संपायला हवा. पण डुकरीण वर्षाला दोनदा वीत असते आणि दर वेताला आठ-दहा पिल्ले होतात. दर पावसाळ्यात विषाणूला नवी कोरी पिल्ले मिळतात.

माणूस या फेऱ्यात शेवटचा. आपल्या रक्तात विषाणू इतका थोडा आणि इतका कमी वेळ असतो की आपल्याकडून डासाला काही मिळत नाही. एका मुलाकडून दुसऱ्याला हा रोग होत नाही. ऐकायला ही चांगली बातमी वाटते. पण यातूनच दोन गैरसोयी निघतात आणि दोन्ही तुमच्या कामाशी निगडित आहेत.

पहिली गैरसोय फवारणीची. गावात मेंदूज्वराचा रुग्ण निघाला की आपली माणसे डेंग्यूची कवायत करतात: रुग्णाच्या घराभोवती धूर, माठ-रांजण रिकामे करणे, टायर हलवणे, कोरडा दिवस. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, त्यामुळे तिथे ते बरोबरच आहे. हा डास शिवारातला, आणि एक-दोन किलोमीटरवरून सहज येणारा. रांजण रिकामा करून त्याचे काहीच बिघडत नाही. रुग्णाच्या घरी तर विषाणूचा साठाही नसतो. तो गावाबाहेरच्या नाल्याकाठी, डुकरांच्या खुराड्याशी असतो. तिथे कोणी जात नाही.

दुसरी गैरसोय लसीची, आणि ती जास्त महत्त्वाची. गोवरात शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना लस दिली की उरलेली पाच जण त्या पंच्याण्णवांच्या आडोशाने वाचतात, कारण गोवर मुलांकडून मुलांकडेच जातो. जेईत असा आडोसा नाही. गावातल्या सगळ्या मुलांना लस दिली आणि एकच राहिले, तरी बगळा, डास आणि डुक्कर यांचे पूर्वीसारखेच चालू असते. त्या एका मुलाचा धोका तसूभरही कमी होत नाही. म्हणून '९५ टक्के उद्दिष्ट साध्य' हा अहवाल गोवराच्या बाबतीत समाधानाचा असू शकतो, जेईच्या बाबतीत उरलेली ५ टक्के मुले पूर्णपणे उघडी असतात. आणि ती ५ टक्के कोण असतात हे आपल्याला सांगायला नको. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची, वीटभट्टीवरची, सातपुड्याच्या पाड्यांवरची.

जपानचे उदाहरण बघा. तिथे आता माणसांतले रुग्ण वर्षाला मोजके निघतात. पण कत्तलखान्यात येणाऱ्या कोवळ्या डुकरांचे रक्त तिथे १९६० च्या दशकापासून दर उन्हाळ्यात तपासले जाते आणि आजही त्यात विषाणूच्या खुणा सापडतात. विषाणू गेलेला नाही, लस घेतलेली मुले वाचतात इतकेच.

आता मुलांकडे येतो. एक प्रसंग घेतो. ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम तोच ठेवला आहे.

सहा वर्षांचा मुलगा, तापीकाठचे गाव, सप्टेंबर. पहिल्या दिवशी ताप आणि डोकेदुखी, गावातल्या डॉक्टरांनी तापाचे औषध दिले. दुसऱ्या दिवशी उलट्या. तिसऱ्या दिवशी पहाटे झटका आला, तो थांबला, पण मूल भानावर आले नाही. दुपारी मोठ्या रुग्णालयात पोहोचले. आई दारातच सांगत होती, "मना आंडोर माले वयखस नही." मुलगा तिला ओळखत नव्हता. ताप आणि त्यासोबत बदललेली शुद्ध किंवा नव्याने आलेले झटके, ही आपल्या सर्वेक्षणातली तीव्र मेंदूज्वराची व्याख्याच आहे. आईने ती एका वाक्यात सांगितली.

त्याच संध्याकाळी पाठीतले पाणी काढले, हे उत्तम झाले. पाणी नितळ होते, पेशी थोड्या वाढलेल्या आणि बहुतेक लिम्फोसाइट, प्रथिने किंचित जास्त, साखर नीट. म्हणजे जिवाणूंचा मेंदुज्वर असण्याची शक्यता कमी, विषाणूचा असण्याची जास्त. नमुना जेईच्या आयजीएम तपासणीला गेला. काही दिवसांनी अहवाल आला: निगेटिव्ह. तोवर मूल शुद्धीवर आले होते. पण चेहरा निर्विकार, मुखवट्यासारखा, तोंडातून लाळ, हात ताठ आणि थरथरते, शब्द फुटत नव्हता. मेंदूच्या खोल भागातल्या केंद्रांना सूज आली की असे दिसते, आणि जेई नेमका त्याच भागावर बसतो. एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या थॅलॅमसमध्ये बदल होते. तरीही कार्डावर लिहिले गेले: 'विषाणूजन्य मेंदूज्वर, जेई नाही.'

चूक कुठे झाली? आयजीएम तपासणी विषाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडे शोधते. ती बनायला वेळ लागतो. ताप सुरू झाल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत ती दिसू लागतात, पाठीच्या पाण्यात आधी, रक्तात थोडी उशिरा. या मुलाचा नमुना तिसऱ्या दिवसाचा होता. तिसऱ्या दिवशीच्या 'निगेटिव्ह'चा अर्थ 'अजून कळत नाही' एवढाच. दहाव्या दिवसाच्या सुमारास दुसरा नमुना घ्यायचा असतो. पाणी पुन्हा काढणे शक्य नसेल तर निदान रक्त तरी. तो घेतलाच गेला नाही. मूल तोवर वॉर्डातच होते.

याची उलट बाजूही सांगतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की डॉक्टरला सगळीकडे जेईच दिसतो. एकट्या रक्तातले 'पॉझिटिव्ह' फसवू शकते. डेंग्यूचा विषाणू याच कुळातला आहे, त्यामुळे डेंग्यू होऊन गेलेल्या मुलाच्या रक्तात जेईची तपासणी कधी खोटी पॉझिटिव्ह येते. नुकतीच जेईची लस घेतली असेल तरीही येते. म्हणून पाठीच्या पाण्याचा नमुना हवा, आणि नमुन्यासोबतच्या फॉर्मवर तापाचा पहिला दिवस, नमुन्याचा दिवस आणि लसीची तारीख या तीन गोष्टी हव्यात. त्या तीन रकान्यांशिवाय प्रयोगशाळेचा आकडा वाचताच येत नाही. मी पाहिलेल्या फॉर्मवर तापाचा पहिला दिवस बहुधा लिहिलेला नसतो.

आणि खान्देशात नेमक्या तपासणीला आणखी एक कारण आहे. नंदुरबारला लागून गुजरात आहे, आणि तिथे २०२४ च्या पावसाळ्यात चांदीपुरा विषाणूची साथ आली होती. तो वाळूमाशीतून पसरतो, पावसाळ्याच्या पहिल्या भागात जास्त दिसतो आणि मुलाला एक-दोन दिवसांतच गाठतो. जेई थोडा सावकाश, आणि पावसाळा सरताना. दोन्हींवर औषध नाही, पण जेईला लस आहे, चांदीपुराला नाही. मेंदूज्वराचेच आणखी एक कारण म्हणजे स्क्रब टायफस हा जिवाणूजन्य आजार. त्याला लस नाही, पण साधे प्रतिजैविक वेळेवर दिले तर मूल वाचते. गोरखपूर भागात २००५ मध्ये हजाराहून अधिक मुले दगावली, २००६ पासून तिथे जेईची लस सुरू झाली, जेईचे प्रमाण उतरले, आणि तरी मेंदूज्वराची मुले येतच राहिली. पुढे तपासात त्यांतल्या मोठ्या वाट्यामागे स्क्रब टायफस निघाला. सगळ्यांना एकाच 'मेंदूज्वर' नावाच्या पोत्यात भरले की ज्याला औषध आहे तेही हुकते आणि ज्याला लस आहे तेही.

मुलांवरच अवलंबून राहण्यात आणखी एक अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जेईची लागण झालेल्या साधारण 250 जणांत एकालाच गंभीर आजार होतो. बाकीच्यांना किरकोळ ताप येतो किंवा काही कळतही नाही. त्या एकाला मात्र कठीण जाते: मेंदूला सूज आलेल्यांत मृत्यूचे प्रमाण 30 टक्क्यांपर्यंत जाते, आणि वाचलेल्यांपैकी 30 ते 50 टक्के मुलांना कायमचे काही ना काही राहते. झटके, लुळेपणा, बोलण्यात अडथळा, वागण्यात बदल. म्हणजे वॉर्डात पहिला पक्का रुग्ण सापडेपर्यंत त्या परिसरात शेकडो मुलांना विषाणूची लागण होऊन गेलेली असते. मुलाला खबऱ्या करणे हा फार महाग मार्ग आहे.

डुक्कर हा स्वस्त खबऱ्या आहे. आणि इथे पशुसंवर्धन खात्याशिवाय काम होणार नाही.

करायचे असे आहे. प्रत्येक जिल्ह्यातून तीन-चार ठिकाणे निवडा जिथे डुकरे आणि पाणथळ जवळजवळ आहेत. ती कोणती हे नगरपालिकांच्या स्वच्छता निरीक्षकांना तोंडपाठ असते. गेल्या पावसाळ्यानंतर जन्मलेली, साधारण सहा महिन्यांच्या आसपासची डुकरे घ्या. फार लहान नकोत, कारण त्यांच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे असतात. म्हातारी नकोत, कारण त्यांना जेई केव्हा होऊन गेला ते कळत नाही. प्रत्येक ठिकाणची दहा डुकरे कानाला बिल्ला लावून ठरवा आणि जुलैपासून दर पंधरा दिवसांनी त्याच डुकरांचे रक्त घ्या. जुलैत निगेटिव्ह असलेली डुकरे ऑगस्टमध्ये पॉझिटिव्ह झाली, तर विषाणू त्या गावात याच महिन्यात आला, यात शंका उरत नाही. डुकरांसाठीची आयजीएम एलायझा इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने विकसित केलेली आहे. माणसांच्या नमुन्यांसाठी पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आहेच.

डुकरे पॉझिटिव्ह होणे आणि मुले आजारी पडणे यांच्यात थोडे अंतर असते. डुकराचे रक्त प्यायलेल्या डासात विषाणू तयार व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि तो डास मुलाला चावल्यावर लक्षणे दिसायला आणखी चार ते चौदा दिवस. एवढी आगाऊ सूचना मिळाली तर तालुक्याच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला 'झटके आलेले तापाचे मूल थांबवून ठेवू नका' हे सांगता येते, पाठीचे पाणी काढण्याच्या सुया आणि नमुन्याच्या बाटल्या तपासून ठेवता येतात, खुराड्यांच्या आसपास फवारणी करता येते. त्या हंगामापुरती लसीची मोहीम मात्र तोवर उशिराची ठरते. ती पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याआधी करावी लागेल, मे संपण्यापूर्वी.

मोहीम म्हणजे काय हेही आपल्याला नवे नाही. ज्या भागात रोग आहे तिथे एक ते पंधरा वर्षांच्या मुलांना एकदा लस, आणि त्यानंतर नेहमीच्या लसीकरणात नवव्या महिन्यात पहिला डोस आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. दुसरा डोस २०१३ पासून आहे. देशात दोन प्रकारच्या लसी वापरात आहेत: एक चीनमध्ये विकसित झालेली जिवंत-क्षीण लस, दुसरी कर्नाटकातल्या कोलारच्या रुग्णाकडून मिळालेल्या विषाणूपासून भारतात बनवलेली मृत लस. कोणतीही असो, नवव्या महिन्याला मूल गोवर-रुबेलासाठी आशाताईंकडे येतेच. वेगळी फेरी मारावी लागत नाही. 2025 मध्ये पुणे, रायगड आणि परभणीत अशी मोहीम घेतली गेली, म्हणजे यादी वाढू शकते. ती वाढवण्यासाठी लागणारा कागद आपल्याकडून जायला हवा.

निर्णय जिल्ह्याच्या सरासरीवर मात्र घेऊ नका, एवढी विनंती. रावेर-यावलच्या केळीला ठिबक आहे, वाफ्यात पाणी उभे राहत नाही. नवापूरला भाताच्या बांधीत महिनोन्महिने असते. दोन्हीकडचा धोका सारखा असणार नाही. आणि शहरात भात नसला तरी उघडी गटार, कडेचे गवत आणि त्यात लोळणारी डुकरे असतातच. ठिकाणे निवडताना तीही असू द्या.

माझ्या दवाखान्यात ही लस विकत मिळते, हे मी लपवत नाही. म्हणूनच मी 'उद्यापासून सगळ्यांना लस द्या' असे म्हणत नाही. आधी एक पूर्ण हंगाम नीट तपासणी करा. डुकरे सलग दोन पावसाळे निगेटिव्ह राहिली आणि मुलांचे दुहेरी नमुनेही निगेटिव्ह आले, तर 'आपल्या तालुक्यात गरज दिसत नाही' असे मी पालकांना खात्रीने सांगेन आणि त्यांचे पैसे वाचवेन. आज मला ना होय म्हणता येते ना नाही.

शेवटी डुकरे पाळणाऱ्यांबद्दल. वर्तमानपत्रात 'डुकरांमुळे मेंदूज्वर' असा मथळा आला की नगरपालिकेची गाडी निघते आणि डुकरे पकडायला सुरुवात होते. मालक ती रातोरात नातेवाइकांकडे, दुसऱ्या गावात हलवतात. म्हणजे विषाणू होता तिथून आणखी एका गावात, तेही आपल्या नकळत. शिवाय रक्त द्यायला पुढे कोणी येणार नाही. नमुने घ्यायला सुरुवात करण्यापूर्वीच या कुटुंबांशी बोलणी व्हावीत: रक्त दिले म्हणून डुक्कर उचलले जाणार नाही, बिल्ला लावलेल्या प्रत्येक डुकरामागे काही मोबदला मिळेल, आणि खुराडी वस्तीपासून दूर हलवायची झाली तर जागा व पाणी पालिका देईल. पहिली लस त्यांच्याच मुलांना मिळावी, कारण संध्याकाळी त्या खुराड्याशेजारी तीच खेळत असतात.

बैठकीला बोलावलेत तर नमुन्याच्या फॉर्मचा सुधारित मसुदा आणि ठिकाणांची कच्ची यादी घेऊन येईन. बैठक मे महिन्याच्या आत व्हावी, म्हणजे जुलैच्या पहिल्या नमुन्याला वेळ उरेल.

आपला,
खान्देशातील एक बालरोगतज्ज्ञ